खवट निघालेलं गुलाबतेल आणि परताव्याचं पत्र

दिवाळीच्या उटण्यासाठी आमच्या गल्लीतल्या बचत गटाने गुलाबाचं इसेन्शियल ऑइल ऑनलाइन मागवलं होतं. गटाचा हिशेब ठेवणारी सूनबाई माझ्या शेजारीच राहते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती बाटली घेऊन ओसरीवर आली, झाकण उघडून बाटली माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "काकाजी, वास घेऊन पाहा जी. मले तं जुन्या फल्लीतेलासारखा येऊन रायला. हे खराब झालं म्हणू का फसवलं म्हणू?"

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाळेत मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. वास घेतल्याबरोबर तिचं नाक बरोबर असल्याचं कळलं. वरवर गुलाबासारखा गोड वास होता, आणि त्याच्या खाली डब्याच्या तळाशी राहिलेल्या शेंगदाणा तेलाचा खवट वास. पुढे आम्ही दोघांनी बसून विक्रेत्याला पत्र लिहिलं. पण लिहिण्याआधी तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागलं, कारण पत्राचा सगळा जोर त्या उत्तरावर होता. बहुतेक लोक अशा वेळी "तेल खराब निघालं, पैसे परत द्या" एवढंच लिहितात. मग विक्रेता म्हणतो की नैसर्गिक वस्तूचा वास थोडाफार बदलतोच, आणि विषय तिथेच संपतो. खवटपणा म्हणजे नेमकं काय, हे माहीत असेल तर मात्र तो वासच तुमचा पुरावा होतो.

गुलाबाचं तेल कसं काढतात, तिथून सुरुवात करू. मोठ्या भांड्यात पाकळ्या आणि पाणी घालून खालून आच देतात. वाफ वर येताना पाकळ्यांमधली सुगंधी द्रव्यं सोबत घेते. ती वाफ नळीतून थंड भांड्यात नेली की तिचं पुन्हा पाणी होतं. त्या पाण्यावर तेलाचा पातळ तवंग तरंगतो, तो अलगद काढून घ्यायचा. खाली उरतं ते गुलाबपाणी. मोहाची भट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रचना वेगळी सांगायला नको.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. वाफेसोबत फक्त हलकी, उडून जाणारी द्रव्यं वर येतात. खाण्याच्या तेलासारखं जड तेल वाफेसोबत येत नाही. रश्श्याला उकळी आली असताना झाकण उचलून बघा. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेल्या थेंबांना मसाल्याचा घमघमाट असतो, पण त्यांत तर्री नसते. रस्सा उडून लागला नसेल तर झाकण बोटाला चिकट लागत नाही. वास वर गेला, तर्री खाली राहिली. गुलाबाच्या तेलाचंही तसंच आहे. म्हणून इसेन्शियल ऑइलला आपण मराठीत तेल म्हणत असलो, तरी फल्लीतेल, जवसाचं तेल किंवा खोबरेल या अर्थाने ते तेल नाहीच.

आता खवटपणा. फल्लीतेल, जवसाचं तेल, करडीचं तेल ही सगळी स्निग्ध तेलं आहेत. त्यांचा प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या एका तुकड्याला जोडलेल्या तीन लांब साखळ्या, ज्यांना आपण फॅटी ॲसिड म्हणतो. या साखळ्यांमध्ये काही ठिकाणी दुहेरी बंध असतात आणि त्यांच्या शेजारची जागा कच्ची असते. हवेतला ऑक्सिजन नेमका तिथे शिरतो. आधी पेरॉक्साइड नावाची संयुगं तयार होतात, त्यांना फारसा वास नसतो. मग ती फुटतात आणि अल्डिहाइड नावाचे छोटे तुकडे सुटतात. नाकाला झोंबतो तो खवट वास या तुकड्यांचा. ज्या तेलात असे दुहेरी बंध जास्त, ते लवकर खवटतं. आपल्याकडे जवसाचं तेल घाणीवरून थोडं थोडंच आणतात, त्यामागे हेच कारण आहे. खोबरेलात हे बंध फार कमी असतात, म्हणून ते तुलनेने जास्त टिकतं.

अस्सल गुलाबतेलात या लांब साखळ्यांची स्निग्ध तेलं नसतातच. त्यात सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल अशी लहान सुगंधी द्रव्यं असतात. ज्या साखळ्या तुटून खवट वास येतो त्याच तिथे नाहीत, तर तो वास येणार कुठून?

इथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. इसेन्शियल ऑइलही जुनं होतं, हवेने बिघडतं. संत्र्याच्या किंवा लिंबाच्या सालीचं तेल तर फार लवकर बिघडतं. त्यातलं लिमोनिन हवेशी संयोग पावलं की वास टर्पेंटाइनसारखा उग्र होतो, तेल चिकट होतं आणि असं जुनं तेल अंगाला लावलं तर काहींना ॲलर्जी होते. पण तो वास रंगाच्या दुकानातला, तीव्र आणि कोरडा. जुन्या तळणीचा, तेलकट, घशात बसणारा वास तो नव्हे. सालीचं तेल बिघडल्याची तक्रार आणि गुलाबतेल खवट असल्याची तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात माल जुना असू शकतो. दुसऱ्यात बाटलीत असं काहीतरी आहे जे तिथे नसायलाच हवं होतं.

म्हणून सूनबाईला मी सांगितलं, "खराब झालं का फसवलं, हे दोन प्रश्न नाहीत. जे खवटलं ते गुलाबतेल नाहीच. खवटलं ते त्यात मिसळलेलं तेल."

किंमत काय सांगत होती

बाटली ३० मिलीलिटरची होती आणि किंमत २४९ रुपये, घरपोच. लेबलवर लिहिलं होतं, "१०० टक्के शुद्ध गुलाब इसेन्शियल ऑइल, वाफेने काढलेलं". किंमत कमी आहे हे गटातल्या बायकांनाही जाणवलं होतं, पण सणाची सवलत असेल असं त्यांना वाटलं. वाटणं साहजिक आहे, कारण गुलाबाच्या तेलाला किती फुलं लागतात हे माहीत असायचं कारणच नाही.

अत्तराच्या धंद्यात हा आकडा सर्वांना ठाऊक असतो. १ किलो गुलाबतेलासाठी साधारण साडेतीन ते चार हजार किलो फुलं लागतात. चार हजार धरू. गुलाबतेल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे ३० मिलीलिटर भरतं सुमारे २६ ग्रॅम. म्हणजे या एका बाटलीमागे जवळजवळ १०० किलो फुलं हवीत. २४९ रुपयांना १०० ने भागा. फुलांचा भाव किलोला अडीच रुपये पडला. त्यातच तोडणीची मजुरी, भट्टीचं जळण, बाटली, खोका आणि कुरिअरचा खर्चही बसवायचा. मी हे पाटीवर मांडून दाखवलं तेव्हा सूनबाई बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिली. तिच्या सासऱ्यांनी एक वर्ष झेंडू लावला होता. फुलं तोडायला किती हात लागतात, हे तिला चांगलंच माहीत आहे.

हा हिशेब पत्रात घालावा का, यावर आम्ही विचार केला. शेवटी एका वाक्यात घातला. किंमत कमी असणं हा स्वतःहून गुन्हा नाही. कोणी तोट्यातही विकू शकतो. फसवणूक कमी किमतीत नव्हती, लेबलवरच्या "१०० टक्के शुद्ध" या शब्दांत होती. हेच तेल "शेंगदाणा तेलात थोडा गुलाबाचा सुगंध" असं लिहून विकलं असतं तर खवटपणाची तक्रार करता आली असती, पण भेसळीचा मुद्दा उरला नसता. पाकळ्या तिळाच्या तेलात मुरवून केलेलं गुलाबाचं तेल लोक घरीही करतात आणि ते चांगलं असतं. फक्त ते इसेन्शियल ऑइल नव्हे आणि त्याची किंमतही वेगळी.

कागदावरचे तीन थेंब

वासाचा पुरावा पाठवता येत नाही, ही मोठी अडचण. फोटोला वास नसतो. म्हणून डोळ्याला दिसेल अशी परीक्षा हवी होती, आणि ती अगदी साधी आहे.

सूनबाईने मुलाच्या वहीचं कोरं पान आणलं. त्यावर पेन्सिलीने तीन गोल काढले. पहिल्यात घरच्या फल्लीतेलाचा एक थेंब, दुसऱ्यात मेडिकलमधून आणलेल्या नीलगिरी तेलाचा एक थेंब आणि तिसऱ्यात बाटलीतल्या तेलाचा. प्रत्येक गोलाखाली नाव, कोपऱ्यात तारीख आणि वेळ लिहिली. पान पंख्यापासून दूर, सावलीत ठेवलं. नुसता तिसरा थेंब टाकून बघितला असता तर डाग कशासारखा दिसतो हे कोणालाच सांगता आलं नसतं. शेजारी तुलनेला दोन थेंब ठेवल्यावर कोणीही पाहून ओळखतं.

दुपारनंतर नीलगिरीचा गोल कोरा झाला. हात लावला तर कागद कोरडा. इसेन्शियल ऑइल उडून जातं, ते असं. फल्लीतेलाचा डाग मात्र पसरून कागद आरपार दिसू लागला होता, भजी ठेवलेल्या वर्तमानपत्रासारखा. तिसऱ्या गोलातला डाग फल्लीतेलाच्या डागासारखाच होता. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पान खिडकीपाशी उजेडात धरून फोटो काढला. नीलगिरीच्या जागी काही नव्हतं. पहिला आणि तिसरा डाग जसाच्या तसा होता आणि तिसऱ्यातून गुलाबाचा वास पूर्ण उडून गेला होता. उरला होता तो फक्त खवट वास. मला तो क्षण विशेष वाटला, कारण मिश्रणाचे दोन भाग त्या कागदावर आपोआप वेगळे झाले होते. उडणारं उडालं आणि न उडणारं राहिलं.

या परीक्षेला मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्याशिवाय कोणी ती वापरू नये. सगळी इसेन्शियल ऑइल नीलगिरीइतकी लवकर उडत नाहीत. खस आणि चंदनाचं तेल जड असतं, त्यांचा डाग दिवसभर किंवा त्याहून जास्त टिकतो. संत्र्याची साल दाबून काढलेल्या तेलात सालीचं मेणही येतं, त्याची पुसट खूण राहते. अस्सल गुलाबतेलातही थोडं फुलांचं मेण असतं. म्हणून चोवीस तासांच्या आत निकाल देऊ नये आणि पुसट खुणेला भेसळ म्हणू नये. आमचा डाग पुसट नव्हता, तो फल्लीतेलाच्या डागाशेजारी ठेवला तरी वेगळा ओळखू येत नव्हता.

उलट बाजूनेही सावध राहायला हवं. कागद कोरा झाला म्हणजे तेल अस्सल असं मुळीच नाही. कारखान्यात बनवलेला गुलाबाचा कृत्रिम सुगंधही उडून जातो. आणि गुलाबतेलातली सर्वांत जुनी, सर्वांत हुशार भेसळ तर आपल्याच भागाशी जोडलेली आहे. मेळघाटाच्या डोंगरात आणि वऱ्हाडात उगवणारं रोशा गवत, ज्याला काही जण तिखाडी म्हणतात, त्याच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर असतं. तेच द्रव्य गुलाबातही असतं. एकोणिसाव्या शतकात हे रोशाचं तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जायचं आणि तिथे गुलाबतेलात मिसळलं जायचं. ते स्वतःच इसेन्शियल ऑइल असल्यामुळे कागदावर डाग पडत नाही आणि वासावरूनही फार थोडे लोक ओळखतात. अशी भेसळ शोधायला गॅस क्रोमॅटोग्राफी लागते, म्हणजे तेलातली द्रव्यं एकेक करून वेगळी काढून मोजणारं यंत्र. कन्नौजला केंद्र सरकारच्या मदतीने उभं राहिलेलं सुगंध आणि स्वाद विकास केंद्र आहे, तिथे अशा चाचण्या होतात. अडीचशे रुपयांच्या बाटलीसाठी कोणी तिथपर्यंत जाणार नाही आणि आम्हाला गरजही नव्हती. आमच्या बाटलीतली भेसळ फार ढोबळ होती.

थंडाव्याची एक परीक्षाही सांगतात. अस्सल गुलाबतेल साधारण १६ ते २२ अंशांच्या दरम्यान गोठू लागतं आणि त्यात बारीक चकाकते स्फटिक दिसतात. आम्ही बाटली फ्रिजमध्ये ठेवून पाहिली, तेल नुसतं गढूळ झालं. पण हा निष्कर्ष मी पत्रात घेऊ दिला नाही, कारण खोबरेलही थंडीत गोठतं आणि नवख्या डोळ्याला दोन्हींतला फरक सहज कळत नाही. पाण्यात थेंब टाकून बघण्याचा उपाय गटातल्या एका बाईने सुचवला होता. त्याचाही उपयोग नाही, फल्लीतेल आणि गुलाबतेल दोन्ही पाण्यावर तरंगतात. जाळून बघणं तर कोणी करूच नये. इसेन्शियल ऑइल झपकन पेट घेतं.

पत्र

पत्र लिहायला बसलो तेव्हा सूनबाईचा पहिला मसुदा रागाचा होता. "तुम्ही आम्हाला खेड्यातले समजून खराब शेंगदाणा तेल भरून पाठवलं" असं पहिलंच वाक्य. राग खरा होता. पण त्या वाक्यात दोन गोष्टी अशा होत्या ज्या आम्ही दाखवू शकत नव्हतो. एक, विक्रेत्याचा हेतू. दुसरी, ते शेंगदाणा तेलच आहे ही गोष्ट. ते सरकीचं, सूर्यफुलाचं किंवा दुसरं कुठलं तेल असू शकतं, कागद एवढं सांगत नाही. विक्रेत्याला एक चुकीचा शब्द सापडला की तो त्याच शब्दावर वाद घालतो. म्हणून जे बाटलीवर छापलंय, जे कागदावर दिसतंय आणि जे बिलात आहे तेवढंच लिहायचं असं ठरलं. शेवटी पत्र असं झालं.

"प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

विषय: वर्णनाप्रमाणे नसलेल्या आणि खवट निघालेल्या गुलाब इसेन्शियल ऑइलचे २४९ रुपये परत मिळण्याबाबत.

महोदय,

आमच्या बचत गटाने तुमच्याकडून २६ सप्टेंबर रोजी गुलाब इसेन्शियल ऑइलची ३० मिलीलिटरची एक बाटली मागवली. ती १ ऑक्टोबर रोजी मिळाली. ऑर्डर क्रमांक आणि बिल सोबत जोडले आहे. विक्रीच्या पानावर आणि बाटलीवर '१०० टक्के शुद्ध, वाफेने काढलेले' असे लिहिलेले आहे. त्या पानाचे आणि लेबलचे फोटो जोडले आहेत.

बाटली मिळाली त्याच दिवशी उघडली. तेलाला जुन्या खाद्यतेलासारखा खवट वास येत होता. लेबलवर पॅकिंग जुलै महिन्यातले आहे आणि वापराची मुदत ३६ महिने दिली आहे. म्हणजे मुदतीचा बहुतांश काळ अजून शिल्लक आहे.

वाफेने काढलेल्या शुद्ध गुलाब तेलात स्निग्ध तेल नसते, त्यामुळे त्याला असा वास येऊ शकत नाही. आम्ही तेलाचा एक थेंब कोऱ्या कागदावर टाकून, शेजारी खाद्यतेलाचा आणि नीलगिरी तेलाचा थेंब टाकून चोवीस तास ठेवला. नीलगिरीचा थेंब पूर्ण उडून गेला. तुमच्या तेलाचा डाग खाद्यतेलाच्या डागासारखाच कायम राहिला. सुरुवातीचा आणि चोवीस तासांनंतरचा फोटो जोडला आहे. लेबलवर कोणतेही दुसरे तेल मिसळल्याचा उल्लेख नाही. इतके शुद्ध गुलाब तेल काढायला सुमारे १०० किलो फुले लागतात, हेही या किमतीशी जुळत नाही.

वस्तू जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसल्यास विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही, असे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधील नियम ६ मध्ये सांगितले आहे. त्यानुसार २४९ रुपये ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत करावेत. बदली बाटली किंवा कूपन नको. बाटलीत सुमारे २८ मिलीलिटर तेल शिल्लक आहे, ती तुमच्या खर्चाने परत न्यावी. तोपर्यंत आम्ही ती जपून ठेवू.

याच नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्याच्या आत अपेक्षित आहे.

आपली,
(नाव, गाव, तालुका, मोबाइल क्रमांक)"

पत्रातल्या दोन-तीन गोष्टींमागचा विचार सांगतो. किती तेल शिल्लक आहे हे मुद्दाम लिहिलं, कारण "अर्धी बाटली वापरून परत करताय" असं उत्तर हमखास येतं. कूपन नको हे आधीच लिहिलं, कारण कूपन घेतलं की पुन्हा त्याच दुकानातून माल घ्यावा लागतो. पॅकिंगचा महिना लिहिला, कारण जुलैत भरलेलं तेल ऑक्टोबरात खवट असेल तर उशिरा वापरल्याचा दोष ग्राहकावर येत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या घरात ४५ अंशांत बाटली पडली असती तर विक्रेत्याला बोट दाखवायला जागा होती. इथे ती नव्हती. आणि बाटली फेकून द्यायची नाही, वास असह्य झाला तरी नाही. झाकण घट्ट लावून, पिशवीत बांधून, अंधारात ठेवायची. बाटली गेली की तक्रारीचा पायाच गेला.

विक्रेता मोठ्या खरेदीच्या अॅपवर दुकान मांडून बसलेला असेल तर हेच पत्र त्याला आणि त्या अॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, दोघांना पाठवावं. स्वतःचा माल स्वतःच्याच संकेतस्थळावर विकणाऱ्या कंपन्यांवरही याच नियमांत असंच बंधन आहे. पत्र फोनवर सांगू नये, लिहून पाठवावं. विक्रेता बाहेरच्या राज्यातला असला तर सोबत हिंदीतली प्रत जोडलेली बरी.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यात दोन वाक्यं होती. सौंदर्यप्रसाधन उघडल्यावर परत घेतलं जात नाही हे आमचं धोरण आहे, आणि नैसर्गिक तेलाचा वास प्रत्येक खेपेला वेगळा असतो. सूनबाई थोडी खचली. "नाय म्हंते जी ते," एवढंच म्हणाली.

पण इथे समजून घेण्यासारखं आहे. उघडलेली वस्तू परत न घेण्याचं धोरण मन बदललेल्या ग्राहकासाठी असतं. रंग आवडला नाही, वास आवडला नाही, गरज उरली नाही, अशा वेळी विक्रेता नाही म्हणू शकतो. वस्तू सदोष असेल किंवा वर्णनाप्रमाणे नसेल तेव्हा दुकानाचं धोरण नियमापेक्षा मोठं ठरत नाही. शिवाय बाटली उघडल्याशिवाय वास कळणार कसा? दुसऱ्या वाक्याचं उत्तर आमच्या कागदावर होतंच. खेपेनुसार वास बदलतो हे खरं आहे, पाऊसमान बदललं की फुलं बदलतात. पण कुठल्याही खेपेच्या शुद्ध गुलाबतेलाचा कागदावर भज्यांसारखा डाग पडत नाही. आमची तक्रार वास कमी-जास्त असण्याची नव्हती, बाटलीत दुसरं तेल असण्याची होती. हेच चार ओळींत लिहून, कागदाचा फोटो पुन्हा जोडून पाठवलं. शेवटी एवढंच वाढवलं की महिनाभरात निवारण झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवू आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

ही शेवटची ओळ नुसती धमकी वाटू नये म्हणून सूनबाईला त्यामागचं सांगितलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीत असो की सुरतेत, आपल्याला वर्ध्यालाच जायचं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. शुद्धतेचा प्रश्न तपासणीशिवाय सुटत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. सीलबंद नसली तरी जपून ठेवलेली बाटली तिथेही दाखवता येते. तिला मी हेही सांगितलं की २४९ रुपयांसाठी वर्ध्याच्या चकरा मारणं परवडतं का, हे गटाने बसून ठरवावं. बसभाडं आणि बुडालेली रोजी धरली तर हिशेब उलटा जातो. हेल्पलाइनला मात्र फोनशिवाय काही लागत नाही.

हेल्पलाइनपर्यंत जावं लागलं नाही. दुसऱ्या पत्रानंतर पाच दिवसांनी आधी शंभर रुपयांचं कूपन देऊ केलं गेलं. सूनबाईने पहिल्या पत्रातलं वाक्य तसंच परत पाठवलं, "बदली बाटली किंवा कूपन नको". त्यानंतर २४९ रुपये गटाच्या खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला. बाटली न्यायला मात्र कोणी आलं नाही.

ते तेल उटण्यात गेलं नाही. खवट तेल कोणाच्या अंगाला लागू द्यायचं नाही, लेकरांच्या तर नाहीच, यावर सगळ्या बायकांचं पहिल्या दिवसापासून एकमत होतं. त्या दिवाळीला गटाने सावलीत सुकवलेल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या कुटून उटण्यात घातल्या. तीन गोलांचं ते पान सूनबाईने बिलासोबत हिशेबाच्या वहीत टाचून ठेवलं आहे. मागच्या आठवड्यात ती लव्हेंडरच्या तेलाची जाहिरात घेऊन आली होती. आल्या आल्या तिने विचारलं, "काकाजी, एका किलोले किती फुलं लागतेत याले?"